खात्यात 69 हजार, नोंदीत एक लाख

[दृश्य: रात्र, मोबाइलच्या उजेडातला चेहरा]

मेल आलाय आयकर खात्याकडून. कलम 139(9), विवरणपत्र सदोष. साताऱ्यातला हा नोकरदार तरुण पुन्हा पुन्हा वाचतो. कर तर अ‍ॅपनंच कापला होता, मग चूक कसली?

त्याचाच हिशेब बघू. आर्थिक वर्ष 2023-24. पत्त्यांच्या एका अ‍ॅपवर त्यानं वर्षभरात 20 हजार रुपये भरले आणि एकदाच 90 हजार काढले. भरलेले 20 वजा जाता 70 हजार जिंकलेले, त्यावर 30 टक्के टीडीएस. 21 हजार कापून बँकेत आले 69 हजार.

[दृश्य: वहीवर आकडे]

त्यानं वहीत मांडलं: आले 69, घातले 20, कमाई 49 हजार. तोच आकडा आयटीआर-1 मध्ये ‘इतर उत्पन्ना’त टाकला.

पण अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये आणखी 30 हजार पडून होते. त्यानं ते काढलेच नाहीत, म्हणून मोजलेही नाहीत. कायद्याला मात्र काढण्याची वाट बघावी लागत नाही. 31 मार्चला वॉलेटमध्ये उरलेली जिंकलेली रक्कमही उत्पन्न धरली जाते. त्यावर आणखी 9 हजार कापले गेले.

म्हणजे 26एएसमध्ये, आयकर खात्याकडच्या कापलेल्या कराच्या नोंदीत, जिंकलेली रक्कम एक लाख, टीडीएस 30 हजार. पठ्ठ्यानं टीडीएस पूर्ण 30 हजार मागितला आणि उत्पन्न दाखवलं 49 हजार! नोटिशीचं मूळ इथंच आहे. कापलेला करही आपल्याच उत्पन्नाचा भाग असतो, हे हातात कमी पैसे आले की विसरायला होतं.

[दृश्य: लॅपटॉपवर आयकर पोर्टल]

दुसरी चूक फॉर्मची. अशा कमाईला आयटीआर-1 चालत नाही. पगारदारानं आयटीआर-2 भरायचा. त्यात ऑनलाइन गेमची रक्कम कलम 115बीबीजेच्या ओळीत, लॉटरीची 115बीबीच्या. दर सपाट 30 टक्के, वर 4 टक्के उपकर. लाखावर 31,200 होतात, कापले गेले 30,000. उरलेले 1,200 त्यानं स्वतः भरायचे.

उत्तराला नोटिशीच्या तारखेपासून 15 दिवस. पोर्टलवर e-Proceedings मध्ये जाऊन चूक मान्य करायची आणि दुरुस्त विवरणपत्र तिथूनच द्यायचं. गप्प बसलात, तर विवरणपत्र अवैध ठरू शकतं, म्हणजे भरलंच नव्हतं असं.

आणि 26एएसमधलाच आकडा चुकीचा असेल तर? अ‍ॅपचं वर्षाचं स्टेटमेंट काढून ताळा करा. फरक खरा असेल, तर दुरुस्ती कर कापणाऱ्या कंपनीनंच तिच्या टीडीएस विवरणपत्रात करायची असते.

[दृश्य: पडद्यावर वॉलेटचं पान, तारीख 31 मार्च]

आपल्या तरुणानं स्टेटमेंट उघडलं. शेवटच्या ओळीत 9 हजारांची कपात होती.