पॅकेज विचारता, मग जामीनकी का नाही विचारत?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय : 'लग्नाआधी बोलायचे विषय – पैसा, करिअर आणि मुलं'. तिन्ही मोठे आहेत आणि वेळ मोजका आहे. पहिल्यावर माझा जीव जरा जास्त आहे, तेव्हा बाकीच्या दोघांवर अन्याय झाला तर आत्ताच माफी मागून ठेवतो. साखरपुडा झालेली जोडपी पुढच्या रांगांत आहेत आणि त्यांचे आईवडील मागे. बरोबर उलटं बसायला हवं होतं, पण असो.

बायोडेटात 'पॅकेज' नावाची एक ओळ असते. मुलगा पुण्यात कंपनीत, पॅकेज ९ लाख. मागच्या रांगेतले काका लगेच बारानं भागतात आणि म्हणतात, महिना ७५ हजार! इथंच पहिली गफलत होते. ९ लाख हा कंपनीचा त्याच्यावरचा एकूण खर्च असतो, हातात पडणारी रक्कम वेगळीच असते. समजा मूळ वेतन निम्मं, म्हणजे साडेचार लाख. त्याच्या १२ टक्के, ५४ हजार, कंपनी पीएफमध्ये भरते. ग्रॅच्युइटीचे साधारण साडेएकवीस हजार कागदावर धरलेले असतात. ९० हजार कामगिरीवर मिळणारे, म्हणजे मिळाले तर मिळाले. सहा हजार विम्याचे. हे सगळं वजा करा, उरतात सव्वासात लाखांच्या आसपास, महिना साठ हजार सातशे. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात येतात ५६ हजार. काही कंपन्या पीएफ कमी मर्यादेवर कापतात, तिथं हातात थोडे जास्त येतील. म्हणून आकडा तोंडी विचारू नका, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिप एकमेकांना दाखवा. मुलीनंही दाखवायच्या. 'तिचा पगार तिचाच, आम्हाला काय करायचंय' असं लग्नाआधी म्हणणारी घरं लग्नानंतर काय म्हणतात, ते मागच्या रांगेला विचारा.

आता या ५६ हजारांतून आधीच कुठं कुठं जातंय ते बघू. वडिलांसोबत घर घेतलंय, १५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता साधारण १३ हजार. गाडीचे सहा लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं, हप्ता १२,६००. उरले ३०,४००. पुण्यातल्या छोट्या फ्लॅटचं भाडं १८ हजार धरलं तर शिल्लक १२,४००. किराणा, वीज, पेट्रोल, सोलापूरला येणं-जाणं सगळं यातच. वाईट परिस्थिती नाही ही, पण ७५ हजारांची स्वप्नं बघून आलेल्या माणसाला ती पहिल्याच महिन्यात फसवणूक वाटते. मुलानं खोटं काहीच सांगितलेलं नसतं. कुणी विचारलंच नव्हतं.

इथवरचं पोरं हल्ली विचारतात. जे कुणीच विचारत नाही, ते म्हणजे जामीनकी. आणि माझं खरं दुखणं तेच आहे.

आपल्या भागात पतसंस्थेचं कर्ज म्हणजे दोन जामीनदार. मित्र म्हणतो, 'सही कर की बे, फॉर्म्यालिटी आहे.' पगारदार मित्र सही करतो, वर चहाही स्वतःच पाजतो. त्या सहीचा अर्थ काय? भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८ : करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्थेनं आधी कर्जदाराचा पिच्छा पुरवायचा, तो संपला की मग तुमच्याकडे यायचं, असा नियम नाही. दुसरी समजूत अशी की जामीनदार दोन आहेत, तर निम्मं-निम्मं. तेही नाही. संस्था पूर्ण रक्कम एकाकडून वसूल करू शकते. मग दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागणं आणि कर्जदाराकडून सगळी भरपाई मागणं हा तुमचा हक्क, पण तो मिळवायला कोर्टाची पायरी तुम्हीच चढायची.

आपल्या मुलाचीच गोष्ट पुढं नेऊ. त्याच्या मित्रानं दुकानासाठी पाच लाख घेतले, दुकान चाललं नाही, व्याजासकट तीन लाख चाळीस हजार थकले. एक जामीनदार आपला मुलगा, दुसऱ्याची हातगाडी. संस्था कुणाकडे जाईल? ज्याच्याकडे पगाराची स्लिप आहे त्याच्याकडे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली संस्थेला वसुलीचा दाखला मिळू शकतो. आणि कागद करताना पगारातून कपातीची संमती लिहून दिलेली असेल, तर कलम ४९ प्रमाणे ती कपात थेट पगारातून होऊ शकते. फॉर्म भरताना हे वाचतं कोण? महिना दहा हजार जाऊ लागले तर त्या १२,४०० मधून २,४०० उरतात, आणि हे तीन वर्षं चालतं. बायकोनं सही केलेली नाही, म्हणून कायद्यानं हे कर्ज तिच्यावर येत नाही. तिचं स्त्रीधनही तिचंच राहतं, नवऱ्याच्या देण्यात ते ओढता येत नाही. पण संसार दोघांचा एकच, आणि मग 'तात्पुरते' तिचे दागिने सोनेतारणाला जातात. पहिला हप्ता चुकतो त्या दिवशी तिला कळतं की हा कुणाचा तरी जामीन होता.

मग हे शोधायचं कसं? दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट काढायचा. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. पहिल्या पानावरचा स्कोअर बघून आनंदात बंद करू नका. आत प्रत्येक कर्जापुढे मालकीचा प्रकार लिहिलेला असतो : स्वतःचं, संयुक्त की जामीनदार. तोच रकाना वाचायचा. पण यात एक मोठं भोक आहे. अनेक पतसंस्थांची कर्जं या रिपोर्टमध्ये दिसतच नाहीत, आणि गावात जामीनकी तर तिथंच जास्त. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ असला तरी तोंडी विचारणं टळत नाही : 'कुठल्या पतसंस्थेचे सभासद आहात? कुणासाठी सह्या केल्यात? ते कर्ज आज किती थकलंय?' संस्थेचा सभासद करून घेतलं असेल, नाममात्र का होईना, तर बहुधा कारण तेच असतं. आठवत नाही असं उत्तर आलं तर सोमवारी संस्थेत जाऊन विचारून यायचं.

आणि असली जामीनकी, तर? लग्न मोडायचं कारण नाही. दिलेल्या कर्जाची जामीनकी एक पत्र टाकून मागे घेता येत नाही. संस्थेच्या संमतीनं दुसरा जामीनदार द्यावा लागतो, तेही लेखी. कॅश क्रेडिटसारखं दरवर्षी नूतनीकरण होणारं खातं असेल तर पुढच्या नूतनीकरणाला सही करायची नाही आणि पुढच्या उचलीची जबाबदारी घेत नाही असं लेखी कळवायचं. जुनी थकबाकी मात्र डोक्यावर राहतेच. आणि यापुढे कुणाला जामीन राहायचं असेल तर आधी घरात बोलायचं, एवढं साखरपुड्यातच ठरवून टाका.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. ते समोर ठेवलेलं होतंच, मी बघत नव्हतो. पण एक प्रकार सोलापुरात जास्त आहे, तो सोडवत नाही. मुलगा घरच्या धंद्यात, टॉवेलचा कारखाना किंवा दुकान. पगार किती विचारलं की उत्तर येतं, 'लागेल तेवढं घेतो.' हे उत्पन्न नाही, ही वडिलांची मर्जी आहे. तिथं तीन वर्षांचे आयकर विवरणपत्र बघा, फर्म कुणाच्या नावावर आहे ते विचारा. तो भागीदार असेल तर भागीदारी फर्मचं कर्ज त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवरही येतं. आणि दरमहा ठरलेली रक्कम त्याच्या खात्यात जमा होणार का, किती, कधीपासून, हे वडिलांसमोर बोलून घ्या. माहेरी पैसे पाठवणाऱ्या मुलीनंही हेच करायचं : 'थोडेफार देत जाईन' नको, महिना पाच हजार, भावाचं शिक्षण संपेपर्यंत, असं.

करिअरचं आता पळतच घेतो. एक सोलापुरात, एक पुण्यात, शनिवार-रविवार हुतात्मा एक्स्प्रेस. हे किती महिने चालवायचं, त्याची तारीख ठरवा. 'बघू पुढं' या वाक्यात शेवटी बायकोच नोकरी सोडते. बदली कोण मागणार, नोटिशीचा काळ किती, सोलापुरात त्या कामाची नोकरी आहे का, हे तपासून मगच कोण हलणार ते ठरवायचं. लग्नानंतर दोघांनी पीएफचं नामनिर्देशन नव्यानं भरायचं, आधीचं चालत नाही असं समजूनच चाला.

मुलं. चिठ्ठी आली, दोन मिनिटं. नोकरी करणाऱ्या मुलीला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळते, पण प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत त्याच कंपनीत ८० दिवस काम झालेलं हवं. म्हणजे नोकरी बदलणं आणि मूल यांचा क्रम एकत्र बोलायचा. सत्ताविसाव्या आठवड्यापासून बाळ कोणाकडे? 'आई आहेच की' म्हणण्याआधी त्या आईला विचारलंय का? वर्षभर प्रयत्न करून राहिलं नाही, मुलगी पस्तिशीपुढची असेल तर सहाच महिन्यांत, तर तपासणी दोघांची होणार, आणि मुलाची आधी, कारण ती सोपी आणि स्वस्त असते. हे आत्ता कबूल करून घ्या, तेव्हा मुलगा लाजतो आणि सासू उपास सांगते.

शेवटचं. दोघांनीही थॅलेसेमिया या आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजारासाठी एचपीएलसी ही रक्ततपासणी करून घ्या. वाहक माणसाला काहीच त्रास नसतो, म्हणून कळत नाही. दोघंही वाहक निघाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नात्यात लग्न ठरलं असेल, मामाची मुलगी, आतेभाऊ, तर ही तपासणी टाळूच नका. दोघंही वाहक असले तरी लग्न करता येतं, फक्त गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीतच गर्भाची तपासणी करावी लागते, तेव्हा डॉक्टरांना पहिल्याच भेटीत रिपोर्ट दाखवायचा. बाकी प्रश्न बाहेर चहाला घेऊ, अध्यक्ष उठलेच आहेत.