जुलैच्या शेवटी डोंगर का सुटतो

(दृश्य: ढगांत बुडालेला डोंगर. पावसाचा एकसुरी आवाज.)

आधी दरडी कोसळल्याच्या काही तारखा. जुलै २००५चा शेवटचा आठवडा : महाड तालुक्यातली जुई आणि दासगाव. ३० जुलै २०१४ : आंबेगाव तालुक्यातलं माळीण. २२ जुलै २०२१ : पुन्हा महाड, या वेळी तळिये. १९ जुलै २०२३ची रात्र : खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. ३० जुलै २०२४ : केरळातलं वायनाड.

माळीणमध्ये एका सकाळी दीडशेच्या आसपास माणसं मातीखाली गेली. रोजची एसटी आली तेव्हा चालकाला गावच जागेवर दिसेना, आणि तिथून ही बातमी बाहेर पडली.

पाऊस जूनपासून पडत असतो. मग या साऱ्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्याच का? जुलैत पाऊस जास्त असतो, हे खरंच. पण ते अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं डोंगराच्या पोटात आहे.

(दृश्य: रस्त्यासाठी कापलेली दरड. वर माती, मध्ये मुरूम, खाली काळा कातळ.)

सह्याद्रीचा डोंगर वरून अखंड दिसतो, पण कापलेल्या जागी त्याचे थर उघडे पडतात. खाली कातळ. त्यावर कातळच झिजून झालेला मुरूम. सगळ्यात वर माती. वरचे दोन थर पाणी पितात. खालच्या कातळात पाणी शिरतं ते फक्त भेगांमधून, तेही सावकाश. त्यामुळे मुरलेलं पाणी कातळावर येऊन अडतं, साचतं आणि उताराच्या दिशेने आतल्या आत वाहू लागतं.

जूनच्या सुरुवातीला माती कोरडी असते. पहिले पाऊस ती शोषून घेते, आणि थोडी ओल तर तिला उलट बळकट करते. मूठभर वाळू घेऊन पाहा. कोरडी असेल तर बोटांतून ओघळते. दमट असेल तर तिचा मुटका उभा राहतो. पाण्यात बुडवली की पुन्हा विरते. डोंगराची माती पावसाळ्यात याच तीन अवस्थांतून जाते. जूनमध्ये ती दुसऱ्या अवस्थेत असते. पाच-सहा आठवड्यांच्या संततधारेनंतर ती तिसरीच्या उंबरठ्यावर आलेली असते, आणि नेमका तेव्हा एखाद्या रात्री कोसळधार पाऊस येतो.

पाण्यामुळे माती निसरडी होते आणि घसरते, असं आपण सहज म्हणून जातो. खरं कारण वेगळं आहे, आणि ते समजून घेण्यासारखं आहे.

(दृश्य: विहिरीतून वर येणारी भरलेली कळशी.)

विहिरीतून कळशी ओढताना ती पाण्यात असेतो हलकी लागते. पाण्याबाहेर आली की हाताला हिसका बसतो. मातीच्या कणांचंही तसंच. उतारावरची माती टिकून राहते ती मुख्यतः कणाला कण घासून, आणि ही घासण वजनावर अवलंबून असते. वरून दाब जास्त, तर पकड घट्ट. कणांमधल्या फटी पाण्याने भरल्या की पाणी तो दाब स्वतःच्या अंगावर घेतं. कण एकमेकांवरून थोडे उचलले जातात आणि पकड सैल होते.

हे किती, तेही पाहू. एक घनमीटर चिंब भिजलेल्या मातीचं वजन साधारण दोन टन, आणि तेवढ्याच जागेतल्या पाण्याचं एक टन. म्हणजे थर तळापासून वरपर्यंत पाण्याने भरून ते पाणी उताराला समांतर वाहू लागलं, की पकड जवळपास निम्म्यावर येते. खाली ओढणारं वजन मात्र पुरं दोन टनच राहतं. मुळं आणि मातीचा चिकटपणा बाजूला ठेवला, तर जी मुरमाड माती एरवी ३५ अंशांच्या चढावर उभी राहते, ती अशा वेळी २० अंशांवरही टिकत नाही.

मुळं आणि चिकटपणा यांचा आधार मोठा असतो, म्हणून प्रत्येक चिंब डोंगर कोसळत नाही. पण मुळं मीटर-दोन मीटरपर्यंतच जातात. थर त्याहून जाड असेल तर खालची घसरण त्यांच्या हाती राहत नाही. झाडंही मातीसोबत उभीच्या उभी खाली येतात. आणि घरासाठी किंवा रस्त्यासाठी पायथा कापलेला असेल, तर मातीला खालून टेकू देणारा भागच गेलेला असतो. उतारावर घरांच्या वर सपाट केलेली जमीन असेल आणि तिच्यातलं पाणी बाहेर काढणारा चर नसेल, तर ते पाणीही आतच मुरतं.

(दृश्य: गवतातली भेग. बाजूला ठोकलेल्या दोन खुंट्या.)

म्हणूनच डोंगराकडे पाहताना आधी पाण्याकडे पाहावं. जिथे कधी झरा नव्हता तिथे झरा फुटला, याचा अर्थ आतल्या पाण्याची पातळी तिथवर चढली. नेहमीच्या झऱ्याचं नितळ पाणी गढूळ झालं, तर आतली माती धुऊन जाऊ लागली आहे. आणि सगळ्यात भयंकर खूण फसवी असते : पाऊस धो-धो पडतोय आणि ओढ्याचं पाणी अचानक उतरतं. लोकांना हायसं वाटतं. पण वर कुठेतरी माती-दगड आडवे पडून पाणी तुंबलेलं असू शकतं. तो बांध फुटला की सारं एकदम खाली येतं. अशा वेळी ओढ्याच्या काठाने खाली धावू नये. ओढ्याची रेघ सोडून आडवं निघावं आणि उंच, टणक जागा गाठावी.

दुसरी खूण भेगांची. उन्हाळ्यात जमीन तडकते ती जाळ्यासारखी, सगळीकडे. सुटू लागलेल्या डोंगराची भेग माथ्याकडे उमटते, चंद्रकोरीसारखी वाकलेली, दोन्ही टोकं उताराकडे वळलेली. तिची खालची कड वरच्या कडेपेक्षा खचलेली दिसली, तर जमीन सरकायला लागली असं समजा. भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर मोजावं आणि रोज त्याच वेळी लिहून ठेवावं. आज दोन बोटं, उद्या तीन, परवा पाच, असं अंतर वाढण्याचा वेग वाढत गेला तर पुढच्या मोजणीसाठी थांबू नये. भेगेत पाणी शिरू नये म्हणून ती चिकणमातीने बुजवून वर ताडपत्री टाकतात. त्याने थोडा वेळ मिळतो, डोंगर मात्र थांबत नाही.

घरात याच खुणा बारीक दिसतात. काल नीट लागणारं दार आज चौकटीत अडकतं. भिंतीला तिरकी चीर जाते. अंगणातला विजेचा खांब उताराकडे झुकतो. पायथ्याची जमीन फुगून वर येते.

पण या खुणा नेहमी मिळतातच असं नाही. मीटर-दोन मीटर जाडीचा थर काही मिनिटांत सुटतो. रात्री, झोपेत, पावसाच्या आवाजात कोण भेग बघणार? म्हणून चढाखालच्या वस्तीने खुणांची वाट न पाहता पावसाच्या मापावर घर सोडावं. त्यासाठी सरळ उभ्या काठाचा डबा उघड्यावर ठेवावा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजावं. किती मिलीमीटरला डोंगर सुटेल, याचा एकच आकडा सगळीकडे चालत नाही. पण आठवडाभराची बेरीज मोठी असेल आणि वर हवामान खात्याने अति मुसळधार पावसाचा इशारा दिला असेल, म्हणजे २४ तासांत ११५ मिलीमीटरच्या वर, तर ती रात्र चढाखालच्या घरात काढू नये.

(दृश्य: पाऊस थांबलेला. ओलसर ऊन.)

सकाळी ऊन पडतं आणि लोक गुरांसाठी, कागदपत्रांसाठी परतू लागतात. वरून पाणी थांबलं तरी मातीत मुरलेलं अजून कातळाकडे उतरत असतं. जाड थरात आतली पातळी पावसानंतरही काही तास, कधी दिवसभर, चढत राहते. आणि वायनाडमध्ये त्या रात्री डोंगर एकदा नव्हे, काही तासांच्या अंतराने दोनदा आला. परतण्याआधी झऱ्याचं पाणी पुन्हा नितळ झालंय का आणि दोन खुंट्यांमधलं अंतर कालच्याइतकंच आहे का, हे दिवसाउजेडी, बाजूच्या टणक जागेवरून पाहून घ्यावं.