अप्परवाली गाडी

(दृश्य: कुंभार्ली घाट, रात्र. वळणावर दिव्यांच्या रेघा.)

चिपळूणकडून कराडला चढणाऱ्या गाड्यांच्या लाल रेघा, उतरणाऱ्यांच्या पांढऱ्या. आणि मधोमध हा पांढरा भपका. एक गाडी अप्पर लावून उतरली, वळणावर थेट लेन्सकडे तोंड करून. वर इंडिकेटरही चालू, म्हणून कडेला केशरी ठिपक्यांची माळ. ही गाडी फोटोतून पुसून टाकायची आहे.

हा फोटो दोन मिनिटांच्या एकाच एक्स्पोजरचा असता, तर फार काही करता आलं नसतं. सेन्सर प्रकाशाची फक्त बेरीज करतो. भपक्याखालचा डांबरी रस्ता त्याने जपून ठेवलेलाच नसतो. मग शेजारचे तुकडे आणून ठिगळ लावायचं, एवढंच उरतं.

पण इथे ट्रायपॉडवरून पाच-पाच सेकंदांच्या चोवीस फ्रेम्स सलग घेतल्या आहेत. शटर रिमोटने दाबून ठेवलेलं, आणि Long Exposure NR बंद. ते चालू राहिलं असतं, तर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अंधाराची फ्रेम घेत बसला असता आणि रेघा तुटक आल्या असत्या.

(दृश्य: संगणकाचा पडदा, एकावर एक लेयर.)

चोवीस लेयर, सगळे Lighten मोडवर. म्हणजे प्रत्येक बिंदूवर ज्या फ्रेमचा उजेड जास्त, तिचाच दिसतो. आपली गाडी तेरा, चौदा आणि पंधरा या तीनच फ्रेम्समध्ये आहे. त्या तिघींना मास्क लावायचा आणि गाडीच्या रेघेवरून काळा ब्रश फिरवायचा. तिथला उजेड मागे सरतो आणि बाकीच्या एकवीस फ्रेम्समधला खराखुरा रस्ता वर येतो.

रेघ गेली, तरी गाडी पूर्ण गेलेली नसते. चौदाव्या लेयरचा डोळा बंद-चालू करून बघा. कठड्याचे दगड उजळतात, झाडाची एक फांदी पांढरी होते, आणि फोटोच्या पार दुसऱ्या टोकाला एक हिरवट ठिपका लुकलुकतो. तो लेन्सच्या आत परावर्तित झालेला त्याच हेडलाइटचा उजेड. हे सगळं पुसायचं. नाहीतर दगड उजळलेले दिसतात आणि ते उजळणारी गाडीच कुठे नाही.

खरी अडचण त्या ट्रकची आहे. याच चौदाव्या फ्रेममध्ये तो वर चढतोय, आणि त्याची लाल रेघ आपल्याला हवी आहे. इथे मऊ कडेचा मोठा ब्रश चालत नाही. रेघेला लागून, झूम करून, बारीक आणि कडक कडेच्या ब्रशनेच जावं लागतं. जिथे भपका थेट लाल रेघेवरच सांडलाय, तिथे ती फिकट गुलाबी झाली आहे. दुसऱ्या फ्रेमचा तुकडा तिथे बसत नाही, कारण त्या वेळी ट्रक दुसरीकडे होता.

तेवढा बोटाच्या पेराएवढा भाग आम्ही तसाच ठेवला.

(दृश्य: पूर्ण फोटो. लाल रेघ, मधे थोडी फिकी.)