तीस दिवस, पण कधीपासून?

(दृश्य : भोसरी एमआयडीसी. शेडमध्ये स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यावर ग्राइंडर चालू. कॅमेरा टेबलावरच्या एका पानी कोटेशनवर येतो.)

हे एका छोट्या फॅब्रिकेशन कारखान्याचं कोटेशन. दोन हजार लिटरच्या दोन टाक्या, मटेरियल एसएस ३०४, किंमत आठ लाख रुपये. खाली टर्म्स अँड कंडिशन्सच्या चार ओळी आहेत. व्हॅलिडिटी तीस दिवस. टॅक्सेस एक्स्ट्रा. डिलिव्हरी चार ते सहा आठवडे. पेमेंट पन्नास टक्के अ‍ॅडव्हान्स, बाकी इन्स्टॉलेशननंतर.

हे प्रकरण आम्ही रचलेलं आहे. पण भोसरीत, चाकणला, अंबडला किंवा वाळूजला कुणालाही दाखवा, तो म्हणेल, आमच्याकडेही हेच छापलेलं आहे. वर्षानुवर्षं जुनी फाइल उघडायची, पार्टीचं नाव बदलायचं आणि मेल करायचा. टर्म्सकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. भांडण मात्र याच चार ओळींवरून होतं, आणि बहुतेक वेळा प्रश्न एकच असतो : कधीपासून?

व्हॅलिडिटीपासून सुरुवात करू. कोटेशन गेलं ३ मार्चला. ग्राहकाने नोझलची जागा बदलायला सांगितली, म्हणून १२ मार्चला सुधारित कोटेशन गेलं. किंमत तीच आणि टर्म्सही त्याच. पर्चेस ऑर्डर, म्हणजे पीओ, आली ८ एप्रिलला. मधल्या काळात स्टेनलेस स्टीलमध्ये लागणारं निकेल महागलं, त्यामागोमाग पत्राही. कारखानदार म्हणतो, ३ मार्चपासून तीस दिवस धरले तर मुदत २ एप्रिललाच संपली, नवा भाव लागेल. पर्चेसवाले म्हणतात, ‘साहेब, रिव्हिजन १२ तारखेची आहे. ११ एप्रिलपर्यंत तुमचा भाव पक्का.’ कागद दोघांच्याही बाजूने बोलतो.

भारतीय करार कायद्याच्या कलम ६ प्रमाणे प्रस्तावात मुदत दिलेली असेल, तर ती संपली की प्रस्तावही संपतो. म्हणून दिवसांची संख्या लिहू नये, तारीख लिहावी : ‘हा भाव १८ मार्च, सायंकाळी ५ पर्यंत पीओ हातात पडल्यासच लागू. या रिव्हिजनने आधीचं कोटेशन रद्द.’ आणि ही तारीख पत्र्याचा डीलर आपल्याला जेवढे दिवस भाव धरून देतो, त्याच्या आतली हवी. डीलर आठवडाभर भाव धरणार आणि आपण ग्राहकाला महिना देणार, ही दानशूरता कशासाठी?

(दृश्य : कॅल्क्युलेटरवर बोटं.)

आता कर. पीओवर रक्कम आहे फक्त ‘आठ लाख’. अठरा टक्के जीएसटी वर धरला तर बिल होतं ९ लाख ४४ हजार. ग्राहकाच्या अकाउंट्सने आठ लाखांतच कर धरला, तर मूळ किंमत उरते सुमारे ६ लाख ७८ हजार. फरक १ लाख २२ हजारांचा. या ऑर्डरमध्ये नफा तरी तेवढा असेल का? ‘एक्स्ट्रा’ या शब्दाने इथे काही प्रमाणात संरक्षण मिळतं, पण रक्कम आकड्यात मांडलेली बरी : मूळ किंमत ८,००,०००, जीएसटी १८ टक्के १,४४,०००, एकूण ९,४४,०००. पुढे जोडायचं, ‘बिलाच्या दिवशी जो दर असेल तो लागू.’ मालविक्री कायद्याचं कलम ६४अ तसंही सांगतं, की करारानंतर कर वाढला किंवा घटला तर फरक ग्राहकाचा. मात्र करारात वेगळं ठरलेलं असेल तर हे लागू होत नाही. ‘सर्व करांसहित’ असं लिहून बसलात, तर समोरचा नेमकं त्याच शब्दांवर बोट ठेवेल.

इथेच पेमेंटचं एक कोडं लपलेलं आहे. पन्नास टक्के कशाचे? आठ लाखांचे धरले तर चार लाख, ९ लाख ४४ हजारांचे धरले तर चार लाख बहात्तर हजार. शिवाय बिल फाडलं की पैसे आलेले असोत वा नसोत, दरमहा रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत पूर्ण जीएसटी भरावाच लागतो. म्हणून जाणकार लिहितात : ‘मूळ किमतीच्या ५० टक्के अ‍ॅडव्हान्स. उरलेले ५० टक्के आणि पूर्ण जीएसटी माल निघण्यापूर्वी.’ म्हणजे आधी चार लाख, नंतर पाच लाख चव्वेचाळीस हजार.

(दृश्य : भिंतीवर टाचलेलं टाकीचं जीए ड्रॉइंग. सहीची चौकट रिकामी.)

ही रिकामी चौकट जवळून पाहा. पीओ ८ एप्रिलची, अ‍ॅडव्हान्स आला १७ तारखेला. ड्रॉइंग मंजुरीसाठी गेलं आणि ग्राहकाच्या प्रोजेक्ट विभागात तीन आठवडे पडून राहिलं. सहीशिवाय पत्रा कापायचा कसा? इकडे ग्राहकाचं घड्याळ ८ एप्रिलपासून चालू आहे, आणि पीओच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात उशिराचा दंड : आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के. तीन आठवड्यांचे बारा हजार. ते बिलातून परस्पर कापले जातात, फोनही येत नाही.

त्यासाठी एक वाक्य पुरतं : ‘पीओ, बँकेत जमा झालेला अ‍ॅडव्हान्स आणि सही झालेलं ड्रॉइंग, यांपैकी जे शेवटी मिळेल त्या दिवसापासून सहा आठवडे.’ ‘चार ते सहा’ असं लिहू नये. ग्राहक चारच वाचतो. डिलिव्हरी म्हणजे माल आपल्या गेटवर तयार, की त्यांच्या गेटवर उतरवलेला, हेही लिहावं. ट्रकभाडं, विमा आणि क्रेन कोणाची, याचं उत्तर त्यातच येतं.

टाक्या तयार झाल्या, पण ग्राहकाच्या शेडमधलं फाउंडेशन अजून ओतलेलं नाही. ‘बाकी इन्स्टॉलेशननंतर’ या ओळीप्रमाणे पैसे अडकले, त्यांच्या काँक्रीटसाठी. इन्स्टॉलेशन ग्राहकाच्या हातात असतं, त्यावर आपलं पेमेंट टांगायचं कशाला? मोठी कंपनी थोडी रक्कम रोखून ठेवल्याशिवाय ऐकतच नसेल, तर दहा टक्के ठेवा, पण ‘इन्स्टॉलेशननंतर १५ दिवस किंवा माल निघाल्यापासून ४५ दिवस, जे आधी येईल ते’ असं बांधून घ्या.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६च्या एमएसएमईडी कायद्याचा आधार आहे. लेखी ठरवूनही ४५ दिवसांपुढे पेमेंट ढकलता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढीने. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, ही भीती खरी आहे. म्हणून उद्यम क्रमांक कोटेशनवरच छापावा. पैसे अडकण्याच्या आधी केलेला उल्लेख कुणाला धमकी वाटत नाही.

(दृश्य : प्रिंटरमधून बाहेर येणारी पीओ.)

एवढं करूनही एक दार उघडं राहतं. पीओ येते ती ग्राहकाच्या टर्म्स घेऊन : पेमेंट ६० दिवस, डिलिव्हरी चार आठवडे. करार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त हवा. अटी बदलून आलेली पीओ म्हणजे ग्राहकाचा नवा प्रस्ताव. ती गुपचूप फाइलला लावून काम सुरू केलं, तर आपण त्यांच्या अटी मान्य केल्या असं धरलं जाऊ शकतं. म्हणून पीओ आली की त्याच दिवशी कोटेशन शेजारी ठेवून ओळीला ओळ लावायची, आणि जिथे फरक दिसेल तो मेलवर कळवून सुधारित पीओ मागायची. पर्चेसवाले फोनवर म्हणतील, ‘अहो, ते सिस्टीममधून तसंच येतं, तुम्ही काम चालू करा.’ तेव्हा त्यांना एवढंच सांगायचं, ‘हेच मेलवर दोन ओळीत लिहून पाठवा ना साहेब.’ तो मेल येईपर्यंत पत्र्याला हात लावायचा नाही.