मायक्रोफोम कसा घडतो आणि का मोडतो

स्टीलच्या या पिचरमध्ये फ्रिजमधून नुकतेच काढलेले, सुमारे ४ अंश सेल्सिअसचे २०० मिलीलिटर दूध आहे. लाते या दुधाळ कॉफीसाठी त्यात मायक्रोफोम, म्हणजे अगदी बारीक बुडबुड्यांचा फेस, घडवत ते ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवायचे आहे. मात्र त्यात हवा मिसळण्याची योग्य वेळ फक्त सुरुवातीलाच असते.

कॉफी यंत्राच्या वाफेच्या नळीत साचलेले पाणी आधी बाहेर सोडले जाते. मग नळीचे टोक दुधात जेमतेम बुडवून वाफ पूर्ण उघडली की कागद फाटल्यासारखा तुटक आवाज येतो. आवाजाच्या प्रत्येक ठिणगीबरोबर थोडी हवा आत शिरते आणि दुधाची पातळी चढू लागते. हेच स्ट्रेचिंग. पातळी साधारण पाचव्या हिश्श्याने वाढली आणि पिचर हाताला ना गार ना गरम लागू लागले, म्हणजे दूध सुमारे ३७ अंशांवर आले, की हवा घेणे थांबवावे.

आता टोक किंचित खोल आणि मध्यापासून बाजूला नेले जाते, त्यामुळे दुधात भोवरा तयार होतो. हा भोवरा वरचे मोठे बुडबुडे आत ओढून त्यांचे बारीक तुकडे करतो, आणि त्याला पुरेसा वेळ मिळावा म्हणूनच हवा लवकर घ्यायची असते. उशिरा घेतलेली हवा मोठ्या बुडबुड्यांच्या रूपाने वरच तरंगत राहते.

६५ अंशांच्या आत थांबण्याचा आग्रह मला रास्त वाटतो. ७० अंशांच्या पुढे दुधातल्या व्हे नावाच्या प्रथिनांची घडी उलगडून दुधाला उकळल्याचा वास येऊ लागतो. शिवाय तापवताना वाफेचे पाणी होऊन ते दुधातच मिसळते. इतक्या दुधात ते जवळजवळ २० ग्रॅम भरते.

चांगला फेसही टिकत नाही, कारण बुडबुड्यांमधले द्रव सतत खाली झिरपते आणि त्यांच्यातील पडदे पातळ होत जातात. त्यातच लहान बुडबुड्यातील दाब मोठ्यापेक्षा जास्त असल्याने हवा पडद्यातून लहानाकडून मोठ्याकडे जाते, आणि बारीक पोत हळूहळू भरड होतो. म्हणून वाफ बंद होताच पिचर फिरवत राहावे आणि चमक असतानाच दूध ओतावे. वर कोरडा थर आणि खाली पातळ दूध अशी फाळणी दिसली, तर झिरपणे बरेच पुढे गेले आहे असे समजावे.

फेस बनताबनताच सळसळत विरत असेल, तर मात्र हाताला दोष देण्याआधी दूध तपासावे. जुन्या किंवा नीट न साठवलेल्या दुधात स्निग्धांशाचे विघटन होऊन मुक्त मेदाम्ले तयार होतात. ती बुडबुड्याच्या पृष्ठभागावर प्रथिनांची जागा घेतात, पण प्रथिनांसारखे लवचीक आवरण त्यांना बनवता येत नाही. अशा दुधात कितीही हवा भरली तरी फेस धरत नाही. ताजे दूध घेणे हाच त्यावरचा उपाय आहे.