नाडी ५६ वरून १२४

नमस्कार श्रोतेहो. मेटोप्रोलॉल, एटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल. घरात कुणाला बीपी असेल, चालताना छाती भरून येत असेल किंवा धडधड होत असेल, तर गोळ्यांच्या पाकिटावर यातलं एखादं नाव सापडेल. कंपनीनं दिलेल्या मोठ्या नावाखाली ते बारीक अक्षरात असतं, आणि शेवटी बहुतेक वेळा 'लॉल' येतं. या गोळ्यांना बीटा ब्लॉकर म्हणतात. हृदयाचे ठोके सावकाश पडावेत आणि त्याला कमी जोर लावावा लागावा, एवढं त्यांचं काम. ही गोळी एकदम बंद करायची नाही. पुन्हा सांगतो, कमी करायची असली तरी आपल्या मनानं नाही, आणि एकदम तर मुळीच नाही.

आता खानापूर तालुक्यातल्या एका आबांची गोष्ट सांगतो. वय सत्तरीच्या आसपास. चढ चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायचं, म्हणून मेटोप्रोलॉल पन्नास मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी आणि एक संध्याकाळी चालू होती. गुण चांगला होता. तक्रार एकच, अंग जड वाटतं, दुपारी उठवत नाही. पण ती तक्रार त्यांनी गावभर सांगितली, डॉक्टरांना सोडून.

भात लावणीचे दिवस होते. आपल्या खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, चार-चार दिवस ऊन दिसत नाही. (लावणीचं नाव काढलं म्हणून सांगतो, आपल्या बासमतीला पूर्वीचा वास राहिला नाही हे माझं जुनं रडगाणं. जास्त पीक देणारं बियाणं आलं आणि भात शिजला की शेजारच्या घरात कळायचं, ते गेलं. असो.) तर संध्याकाळी सगळे घरात बसलेले. मोठ्या मुलानं कोरोनाच्या वेळी पुण्याहून आणलेलं, बोटाला लावायचं ते मशीन कुणीतरी बाहेर काढलं. आबांच्या बोटाला लावलं. वर ९७, खाली ५६.

वरचा आकडा ऑक्सिजनचा, खालचा नाडीचा. धाकटा मुलगा म्हणाला, "आबा, नाडी बहात्तर पाहिजे. छप्पन्न कशी?" शेजारचे अण्णा चहाला आले होते. ते म्हणाले, "गोळीनं हळूहळू ठोके बंद पडत चाललेत गा तुझे." झालं. त्याच रात्रीपासून गोळी बंद.

दुसऱ्या दिवशी आबांना हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी स्वतः बांधावर जाऊन लावणी बघून आले आणि येता येता चार जणांना सांगितलं, "गोळी सोडली, माणसात आलो." फसतं माणूस ते इथेच. सोडल्या सोडल्या काही होत नाही, उलट बरं वाटतं. त्रास येतो तो एक-दोन दिवसांनी, कधी आठवडाभरानं.

चौथ्या दिवशी सकाळी आबा परसातून आत आले तेव्हा छाती धडधडत होती. मशीन लावलं, १२४. घरच्यांना वाटलं मशीन बिघडलं. सेल बदलले, १२६. मग सूनबाईच्या बोटाला लावून बघितलं, ७८. म्हणजे मशीन शहाणं होतं. तोवर आबांच्या छातीत तोच जुना दाब सुरू झाला, पण यावेळी बसल्या जागी, आणि कपाळाला घाम. जीपनं माझ्याकडे आणलं. बीपी १८०/१०४. ईसीजीत ठोके जलद पण नियमित, आणि हृदयाला रक्त कमी पडत असल्याच्या खुणा. लगेच बेळगावला पाठवलं. तिथं देखरेखीखाली तीच मेटोप्रोलॉल परत सुरू केली. रक्ताच्या तपासणीत हृदयाला इजा झालेली दिसली नाही, नाडी उतरली, आबा काही दिवसांत घरी आले. सगळेच इतक्यावर सुटत नाहीत. अशा वेळी खराखुरा हार्ट अटॅकही येतो, म्हणून मी एवढं घोळवून सांगतोय.

असं का होतं? शरीरात अॅड्रिनलिन नावाचा रस आहे, तो हृदयाला 'पळ' म्हणून सांगतो. गोळी त्याचा आवाज हृदयापर्यंत पोचू देत नाही. महिनोन्महिने आवाज कमी आला की हृदय जास्तीचे कान लावून बसतं. गोळी एकदम थांबली की नेहमीचाच आवाज त्या वाढलेल्या कानांवर पडतो आणि हृदय उधळतं. ते जास्तीचे कान मिटायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून डोसही सहसा तेवढ्याच काळात पायरीपायरीनं उतरवतात, आणि त्या दिवसांत रोग्याला जड काम करू देत नाहीत. छातीचं दुखणं असलेल्याला हा धोका सगळ्यात जास्त, पण केवळ बीपीसाठी किंवा अर्धशिशीसाठी गोळी चालू असेल, तरी मनानं सोडू नये.

आबांच्या ५६ चं काय? ही गोळी घेणाऱ्याची नाडी बसल्या जागी पन्नास-साठच्या दरम्यान असणं, चक्कर नाही, दम नाही, तर त्यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. अंग जड होण्याची तक्रार मात्र खरी होती. ती ऐकल्यावर डॉक्टरांनी पुढे डोस उतरवला. आधी फक्त संध्याकाळची गोळी अर्धी केली, आठवडाभर रोज सकाळी नाडी वहीत लिहायला लावली, ईसीजी बघितला, मग सकाळचीही अर्धी. आता पंचवीस-पंचवीसवर नाडी ६४ राहते आणि आबा दुपारी झोपत नाहीत. हवं होतं ते मिळालं, फक्त बांधावर ठरवून नाही. नाडी पन्नासच्या खाली जाऊन भोवळ आली, किंवा छातीत शिट्टी वाजून धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. डोस बदलायचा तो त्यांनी.

आपल्या सीमाभागात आणखी एक भानगड आहे. निपाणीचा माणूस कोल्हापूरला दाखवतो, खानापूरचा बेळगावला, आणि मुलगा गोव्यात असेल तर तिथंही. एका डॉक्टरनं चालू केलेली गोळी दुसऱ्याला माहीत नसते. नवा कागद आला की जुन्या गोळ्या आपोआप बंद, असं घरात धरून चालतात. तेव्हा नव्या डॉक्टरसमोर चालू गोळ्यांची पाकिटंच ठेवा आणि विचारा, "ही चालूच ठेवायची का?" तोंडी 'ती पांढरी लहान गोळी' म्हणून चालत नाही, अर्ध्या गोळ्या पांढऱ्या आणि लहानच असतात. यल्लम्माला निघताना कपड्यांच्या आधी गोळ्या पिशवीत पडू द्या, आणि चार दिवसांच्या यात्रेला आठ दिवसांच्या घ्या.

एखादी वेळ चुकली तर आठवल्यावर घ्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. दोन-तीन दिवस खंड पडला असेल, तर पूर्वीच्या डोसनं आपणच सुरू करू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. आणि खंड पडल्यानंतर छातीत दाब, घाम किंवा बसल्या जागी शंभराच्या वर धावणारी नाडी दिसली, तर मशीनचे सेल बदलत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि गोळी किती दिवस बंद आहे ते आल्या आल्या सांगा. नमस्कार.