अजानच्या आधीची दहा मिनिटं

(दृश्य: पुण्यातल्या सोसायटीचा जिना, तिसरा मजला, दारात चपलांचा ढीग)

समोरच्या भाभींनी पहिल्यांदा इफ्तारला बोलावलं तेव्हा मी सव्वासातला गेलो, म्हटलं जेवायलाच बोलावलंय तर इतक्या लवकर जाऊन काय करायचं. दार उघडलं तर घरातले पुरुष नमाजला मशिदीत गेलेले, खजुराच्या बिया ताटलीत, आणि भाभी म्हणाल्या, "अरे भैया, इफ्तार तो हो गया!" तुमचं तसं होऊ नये म्हणून हा व्हिडिओ.

तर इफ्तारला आपल्या जेवणासारखी "या आठपर्यंत" अशी वेळ नसते, वेळ म्हणजे सूर्यास्त. मार्चच्या सुरुवातीला पुण्यात पहाटे साडेपाच-पावणेसहाला सेहरी संपते आणि संध्याकाळी पावणेसातच्या आसपास सूर्य मावळतो, म्हणजे साधारण तेरा तास, पाण्याचा घोटही नाही. (हो, पाणीसुद्धा नाही. हा प्रश्न त्यांना महिनाभर ऑफिसात सगळेच विचारतात, तुम्ही नाही विचारलात तर बरं वाटेल.) प्रत्येक शहराचं टाइमटेबल वेगळं असतं. नागपूर पूर्वेला असल्याने तिथे मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी सूर्य मावळतो, त्यामुळे नागपूरच्या मित्राने टाकलेलं टाइमटेबल बघून मुंबईत खजूर उचलायचा नाही.

(दृश्य: जमिनीवर अंथरलेला दस्तरखान, क्लोजअप)

म्हणून दहा-पंधरा मिनिटं आधीच जा. तेव्हा घर बघण्यासारखं असतं. फ्रूट चाटवर चाट मसाला पडतोय, कढईतून कांद्याची भजी निघतायत, उकडलेल्या चण्यांवर लिंबू पिळलं जातंय, गुलाबाच्या सरबताच्या ग्लासांना बाहेरून घाम सुटलाय. मग शेवटच्या दोन मिनिटांत सगळे गप्प. समोर सगळं मांडलेलं आणि कुणीच हात लावत नाही, आणि सगळ्यात छोटा पोरगा, ज्याचा रोजाही नसतो, तोच घड्याळाकडे टक लावून बसलेला. आपणही तेवढं थांबायचं. अजान झाली की छोटीशी दुआ, एक खजूर, पाणी. आणि मग उशीर करायचा नसतो, वेळ झाली की लगेच रोजा सोडावा असंच सांगितलंय, त्यामुळे "एक सेल्फी घेऊया का" हे तेव्हा नको.

थोडं खाऊन झालं की मगरिबची नमाज, आणि नीट जेवण त्यानंतर. यजमान मधेच उठले म्हणून अवघडू नका, बसा, भजी खा. शिया घरांत तांबडं ओसरेपर्यंत अजून थोडी मिनिटं थांबतात, आणि बोहरी लोकांचं कॅलेंडर आधीच ठरलेलं असतं त्यामुळे त्यांचा रमजान बहुतेक वेळा एक-दोन दिवस आधीच सुरू होतो. त्यामुळे कोणाकडे जाताय ते बघून सरळ विचारा, "किती वाजता येऊ?"

नेताना फळं किंवा खजूर न्या, त्यात चुकायला काही नाही.

आता बोलण्याचं. महिनाभर "रमजान मुबारक" म्हणा, उत्तर येईल "खैर मुबारक" किंवा "आपको भी". "रमजान करीम" पण चालतं. मी पहिल्या आठवड्यातच "हॅप्पी ईद" म्हणून टाकलं होतं, ते म्हणजे नवरात्राच्या दुसऱ्या माळेला दसऱ्याचं सोनं वाटण्यासारखं. "ईद मुबारक" ईदलाच. सलाम जमत नसेल तर नमस्कार करा, कुणाला राग येत नाही.

आणि एक शब्द. आपल्याकडे उपास "सोडतात", आणि चुकून शेंगदाण्याऐवजी फरसाण खाल्लं की उपास "मोडतो". तिथेही तसंच आहे, संध्याकाळी रोजा खोलतात किंवा सोडतात, "रोजा तोडला" म्हणजे वेळेआधीच मोडला. इफ्तारला बसून "तोडला का रोजा?" विचारू नका.

आणि कुणी दुपारी पाणी पिताना दिसलं तर "आज रोजा नाही?" असं चारचौघांत विचारू नका. आजारी, प्रवासातली माणसं, गरोदर बायका यांना सूट असते, पाळीच्या दिवसांत बायका रोजा ठेवतच नाहीत, आणि ते लिफ्टमध्ये तुम्हाला सांगायचं त्यांना काय पडलंय.

(दृश्य: झाकण लावलेला स्टीलचा डबा)

2025 ला गंमत झाली, गुढीपाडवा 30 मार्चला होता. भाभींचा डबा आमच्याकडे पडून होता, रिकामा कसा द्यायचा म्हणून आईने श्रीखंड भरलं आणि मी साडेसहाला नेऊन दिलं, अजानच्या आधी, या वेळी बरोबर. थोड्याच वेळात गच्चीतून पोरांचा आरडाओरडा, चाँद दिसला. मी जिन्यातूनच ओरडलो, "चाँद मुबारक भाभी!" दुसऱ्या दिवशी सकाळी तोच डबा शीरखुर्म्याने भरून परत आला.